‘येतो’च्या पुढचं टिंब

आमच्या कॉलनीतले तलाठी आबा बोलून झालं की समोरच्या वस्तूवर बोट टेकवतात. उजव्या हाताचं पहिलं बोट, एकदाच, घट्ट. टेबल असलं तर टेबलावर, गेट असलं तर गेटवर, काहीच नसलं तर स्वतःच्या गुडघ्यावर. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना त्यांनी माझ्या नवऱ्याला गच्चीच्या उतारावर सविस्तर व्याख्यान दिलं. ते संपलं तेव्हा बोटाखाली नेमका श्रीखंडाचा वाडगा होता. आबांनी मागेपुढे पाहिलं नाही, तिथेही बोट टेकवलं. मग ते बोट शांतपणे चाटलं आणि पुरी मागितली.

ही सवय त्यांना नोकरीने लावली. आबांनी शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये तलाठी म्हणून हयात घालवली. तेव्हा सगळ्या नोंदी हाताने व्हायच्या. त्यांच्या आधीच्या तलाठ्याने एका वारस नोंदीत ‘मुलगे तीन’ असं लिहून ओळ तशीच सोडली होती. सहा महिन्यांनी त्या ओळीत वेगळ्या शाईने चौथा मुलगा जन्माला आला आणि तो वयाने बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा निघाला. ते प्रकरण निस्तरता निस्तरता आबांचे केस पांढरे झाले. तेव्हापासून प्रत्येक नोंदीच्या शेवटी ते टिंब द्यायचे, साधंसुधं नाही, मागच्या पानावर उमटेल असं. “उघडं ठेवानं नही,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. “उघडं ऱ्हायनं ते कोनी बी काहीबी घुसाडस.” हा नियम त्यांनी नोंदींपुरता ठेवला असता तर आमची काही हरकत नव्हती. पण ते दुधाचं पातेलं, अंगणातला नळ, पाहुण्यांची चप्पल आणि दुसऱ्यांची भांडणं, सगळंच बंद करत सुटायचे.

असा हा माणूस. चेहरा कायम पंचनाम्याला आल्यासारखा. रस्त्यात भेटले तर मान अर्धा इंच हलवणार, तीसुद्धा आपण आधी हलवली तर. मात्र आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच आबा लोणी होते. पाण्याची टाकी धुवायची आहे असं कोणी लिहिलं की त्यांचं उत्तर यायचं, “हो हो भाऊ, येतो ना, नक्की येतो,” आणि पुढे दोन गुलाब आणि जोडलेले हात. कोणाचा नातू चालायला लागला तरी गुलाब. कचऱ्याची गाडी उशिरा येणार असली तरी गुलाब. आमचे सोनवणे भाऊ म्हणायचे की माणूस फणस आहे, वरचे काटे बघू नका. सोनवणे भाऊ कॉलनीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही, ‘नको’ म्हणायला कोणी उभं राहिलं नाही म्हणून ते आहेत. तर त्यांच्या या फणस सिद्धांतावर आम्हा सगळ्यांचा विश्वास होता. खरे आबा फोनमधले, गेटवरचे नुसते कामापुरते, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग मागच्या वर्षी कार्तिकात आबांच्या पत्नी, आमच्या अक्का, गेल्या. चार दिवसांचं आजारपण, आणि संपलं. अक्का म्हणजे आबांच्या अगदी उलट. त्यांच्याकडे मीठ मागायला गेलेली बाई तासाभराने शेवयांचं ताट घेऊन घरी यायची आणि मीठ तिथेच विसरायची. दहाव्याला, तेराव्याला आम्ही सगळे गेलो. धुळ्याला दिलेली त्यांची मुलगी मंगल दीड महिना राहिली, मग तीही तिच्या संसाराला गेली. आबा तीन खोल्यांच्या घरात एकटे राहिले.

आणि ग्रुपवरचे गुलाब बंद झाले.

आता त्यांच्या नंबरवरून यायचं ते असं: “हो.” “बरं.” “कळले.” प्रत्येकाच्या पुढे टिंब. सुरुवातीला आम्ही समजून घेतलं. माणूस दुःखात आहे, त्याला गुलाब कसे सुचतील. पण आपल्याकडे दुःखाला वर्षाची मुदत असते. वर्षश्राद्ध झालं, मुदत संपली, आणि टिंब काही संपेना. सौ. सोनवणेंनी नातवाच्या बारशाचा फोटो टाकला. त्याखाली एकवीस जणांनी बदाम, केक आणि फुगे टाकले आणि आबांनी लिहिलं, “छान.” त्या दिवशी सौ. सोनवणेंनी जेवताना दोन घास कमी खाल्ले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं, तिसरी जिलेबी घेताना.

खरा स्फोट झाला तो भरताच्या वेळी.

जळगावच्या माणसाला थंडीत भरीत पार्टी केली नाही तर आपण जन्माला का आलो असा प्रश्न पडतो. आमची कॉलनी दरवर्षी नशिराबादच्या बाजूला एका मळ्यात जाते. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हातभर लांब हिरवी वांगी, आणि ती भाजायला आबा. वांगं आतून शिजलं की नाही हे आबा बोट लावून सांगतात. सरकारी टिंबाचा सराव असलेलं ते बोट वांग्यावर टेकलं की ते वांगं पास. मागच्या वर्षी आबा दुखवट्यात होते म्हणून सोनवणे भाऊंनी स्वतः वांगी भाजली होती. ते भरीत खाऊन आमच्या शेजारच्या कुत्र्यानेही मान फिरवली. त्यामुळे यंदा आबा हवेत याबद्दल कॉलनीत एकमत होतं, आणि आमच्या कॉलनीत दुसऱ्या कशाबद्दलही एकमत नाही.

सोनवणे भाऊंनी ग्रुपवर लिहिलं, “येत्या रविवारी भरीत पार्टी. आबा, वांगी तुम्हीच भाजायची. येणार ना?” पुढे हसणारे तीन चेहरे, एक वांगं, आणि हात जोडलेले.

मिनिटभरात उत्तर आलं. “येतो.”

एवढंच. संध्याकाळी सहा वाजता सोनवणे भाऊ आमच्या दिवाणखान्यात बसले होते, हातात फोन, चेहरा निकाल लागलेल्या मुलाच्या बापासारखा. म्हणाले, “वहिनी, आबा रागावलेत.”

माझ्या नवऱ्याने त्यांना धीर दिला. काही फोनमध्ये जागा सोडण्याचं बटण दोनदा दाबलं गेलं की टिंब आपोआप पडतं, बोट थरथरलं असेल, असं त्याचं म्हणणं. आमची ऋचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरात कोणी चुकत असलं की तिला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं. ती बाहेर आली. तिने आबांचे वर्षभरातले सगळे निरोप वर सरकवून दाखवले. एकूण एक टिंबवाले. म्हणाली, “बोट वर्षभर थरथरतं का, पप्पा?”

मग तिने आम्हाला टिंबाचं शास्त्र शिकवलं. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते, पूर्णविरामाचे मार्क कापण्यात माझा जन्म गेला, आणि पूर्णविराम म्हणजे काय हे मला त्या दिवशी पोटच्या पोरीकडून कळलं.

ती म्हणाली, कागदावर वाक्य कुठे संपलं ते दाखवायला टिंब लागतं. चॅटमध्ये लागत नाही. तुम्ही निरोप पाठवला की तो चौकटीत बंद होऊन जातो, तोच त्याचा शेवट. म्हणजे तिथे टिंबाला काही कामच उरत नाही. मग बिनकामाचं टिंब कोणी दिलं तर वाचणारा म्हणतो, एवढे कष्ट का घेतले? काहीतरी सांगायचं असणार. आणि टिंब काय सांगणार? ‘विषय संपला’, एवढंच त्याला येतं.

सोनवणे भाऊंनी विचारलं, मग मी एवढ्या मोठ्या सूचना टाकतो, त्यात दहा टिंबं असतात, त्याचं काय. ऋचा म्हणाली, लांब मजकुरात टिंब चालतं, तिथे ते वाक्यं वेगळी करण्याचं काम करत असतं, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. जीव जातो तो एका शब्दाच्या उत्तरात. शब्द एक आणि टिंब एक, म्हणजे अर्धा निरोप टिंबाचाच. त्यातही ‘नाही.’ एक वेळ चालतं, कारण नकार मुळातच गंभीर. पण ‘छान.’ आणि ‘येतो.’ हे वाईट. शब्द हसतोय आणि टिंब गाल फुगवून बसलंय, मग माणूस टिंबावर विश्वास ठेवतो.

हे ऐकून सौ. सोनवणेंच्या दोन घासांचा उलगडा झाला.

मी म्हटलं, समोरासमोर आपण नुसतं ‘बरं’ म्हणतोच की. ती म्हणाली, “समोर ‘बरं’ला आवाज असतो, चेहरा असतो. फोनवर तो मुका असतो. म्हणून तर लोक ‘बरंंं’ असं लांबवतात, फुलं टाकतात, अंगठे टाकतात. ज्याने यातलं काहीच टाकलं नाही आणि वर टिंब दिलं, त्याचा आवाज आपण आपल्याच मनाने लावतो. आणि आपलं मन काही चांगला आवाज लावत नाही.”

माझ्या नवऱ्याने शेवटचा बचाव केला. म्हातारी माणसं पत्रं लिहीत मोठी झाली, त्यांना टिंब म्हणजे सभ्यपणा वाटतो. ऋचाने हे ताबडतोब मान्य केलं. म्हणाली, जो कायम टिंब देतो त्याच्या टिंबाला काहीच अर्थ नसतो. अर्थ बदलाला असतो. “पण आबा आधी गुलाब द्यायचे ना?”

 गुलाब देणारा माणूस टिंबावर आला म्हणजे आपण काहीतरी केलंय. प्रश्न फक्त एवढाच उरला की काय केलंय.

इथून पुढे टिंबाने जे केलं ते पोलिसांनाही जमलं नसतं. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी सोनवणे भाऊ खाली बघत म्हणाले की घराच्या कामाची आपली वाळू चार महिने आबांच्या गेटसमोर पडून आहे. माझा नवरा म्हणाला की आबांची शिडी आठ महिने आपल्या जिन्याखाली आहे. सौ. सोनवणेंनी निरोप पाठवून कळवलं की अक्कांचं शेवयांचं ताट त्यांच्याकडेच राहिलंय. मी चहाचे कप गोळा करायला उठले. तेराव्यानंतर मी आबांच्या घराची पायरी एकदाही चढले नव्हते. घर आमच्यापासून चौथं आहे.

मान दुखावलेल्या माणसाला मनवायची खानदेशात एकच रीत आहे. लग्नात जावई रुसला की टॉवेल-टोपी, मामा रुसला की टॉवेल-टोपी, आणि कोण रुसलंय ते कळलं नाही तर दिसेल त्याला टॉवेल-टोपी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं शिष्टमंडळ आबांच्या घरी गेलं. पुढे नारळ घेतलेले सोनवणे भाऊ, मागे टॉवेल-टोपीचं ताट घेऊन मी, आणि सगळ्यात मागे शिडी घेतलेला माझा नवरा.

आबांनी दार उघडलं. आधी नारळाकडे पाहिलं, मग टॉवेल-टोपीकडे, मग बराच वेळ शिडीकडे. आत गेले आणि पाट मांडून त्यावर बसले. सोनवणे भाऊंनी त्यांना टोपी घातली, खांद्यावर टॉवेल दिला. आबांनी डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाले, “उशीर व्हयना, पन उनात.” उशीर झाला, पण आलात, एवढंच.

आम्हाला वाटलं, राग गेला. घरी येताना सोनवणे भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले की शेवटी रीतीभातीला पर्याय नाही. रात्री जेवताना माझ्या सासूबाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अगं, टोपी घालून दुखवटा काढतात. वर्ष झालं की नात्यातल्यांनी, शेजाऱ्यांनी जाऊन माणसाला टोपी घालायची, म्हणजे त्याला सणासुदीत यायला मोकळीक मिळते. आबांकडे कोणी गेलंच नसणार. तुम्ही रुसवा काढायला गेलात आणि त्यांना वाटलं दुखवटा काढायला आले.

मला भाकरी गोड लागेना. तेवढ्यात ग्रुपवर आबांचा निरोप आला, “आभारी आहे.”

टिंब होतंच. लगेच सोनवणे भाऊंचा फोन. “वहिनी, हे तर आणखी भडकले.”

शेवटी मी धुळ्याला मंगलला फोन लावला. आबा कशावरून नाराज आहेत का, असं आडून आडून विचारलं. ती आधी घाबरली, मग टिंबाचं ऐकून हसत सुटली. म्हणाली, “ताई, मला बारा वर्षांत आबांचं टिंबाशिवाय एक अक्षर आलेलं नाही. मला मुलगा झाला तेव्हा त्यांनी ‘आनंद झाला.’ एवढंच पाठवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने धुळ्याला आले होते. मला त्यात काहीच वाटत नाही.” मी म्हटलं, मग गुलाब? ती म्हणाली, कुठले गुलाब?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी एकटीच आबांकडे गेले. ओट्यावर ते निवडायला तूर घेऊन बसले होते. मी आडपडदा ठेवला नाही. ऋचाने मला शिकवलं ते सगळं त्यांना सांगितलं. चौकटीचं सांगितलं, एका शब्दाचं सांगितलं, ‘छान.’ने सौ. सोनवणेंवर काय परिणाम केला तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “आबा, कॉलनीला वाटतंय तुम्ही वर्षभर रागावलेले आहात.”

आबा ऐकत होते. अडचणीचा कागद वाचताना करत असतील तसा चेहरा. मग म्हणाले, “मी कोनावर रागे भरू? आनी कसाले?”

मी म्हटलं, मग आधी गुलाब टाकायचात ते बंद का केलेत.

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला ठेवले. फोन शेजारीच होता, जुना, काचेला तडा गेलेला. तो त्यांनी उचलला आणि नुसता हातात धरून ठेवला.

“मी कधीच टाकेल नही. मंगलले मी सोता लिखू, पन ग्रुपवर लिखाले फोन तिना हातमा ऱ्हाये. ती माले इचारे, काय सांगू? मी सांगू, हो. फुलं ती टाके.” त्यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, “आते मी हो लिखस. पुढे काय टाके ती, माले काय माहीत. उघडं कसं सोडू? म्हनीसन टिंब देस.”

आणि त्यांनी सुपाच्या काठावर बोट टेकवलं.

मी मराठीची बाई. मला ते टिंब वाचता आलं नव्हतं. वर्षभर आम्ही ज्याला राग म्हणत होतो ती एक रिकामी जागा होती. अक्का जिथे फूल ठेवायच्या तिथे आबा टिंब ठेवत होते, आणि आम्ही शहाणे लोक ते मोजत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी सूप माझ्याकडे ओढलं आणि अर्धी तूर निवडून दिली.

जाण्याआधी मी त्यांना गुलाब कुठे असतो ते दाखवलं.

त्या रविवारी आबा मळ्यात आले, नवी टोपी घालून. एकूण चौदा वांगी बोटाने पास केली, दोन नापास केली. सोनवणे भाऊंना जाळाजवळ फिरकू दिलं नाही. भरीत असं झालं की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी कमी पडल्या. जेवण झाल्यावर सौ. सोनवणेंनी अक्कांचं ताट परत दिलं, रिकामं नाही, भरीत भरून.

त्यानंतर ग्रुपवर गुलाबांचा पूर आला. आबांना फूल सापडलं होतं पण प्रमाण सापडलं नव्हतं. दोन दिवस पाणी येणार नाही, या सूचनेवर आबांचे चार गुलाब. सोनवणे भाऊंच्या मेव्हण्याचा पाय मोडला, त्यावर सहा. एकदा चुकून नाचणारी बाई गेली, ती मी फोन करून काढायला लावली. पण कॉलनी खूश होती. आबा बरे झाले, पूर्वीसारखे झाले, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. आणि माणूस बरा झाला की त्याला भेटायला जायचं काही कारण उरत नाही. वाळू हलली होती, शिडी पोचली होती, ताट पोचलं होतं. माझी परीक्षेच्या पेपरांची गडबड होती. पौष गेला, माघ गेला, आणि मी पुन्हा त्या चौथ्या घरासमोरून स्कूटीवर बसून मान अर्धा इंच हलवत जायला लागले.

मग फाल्गुनातल्या एका रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, सोनवणे भाऊंनी होळीच्या लाकडांबद्दल ग्रुपवर काहीतरी विचारलं. लांबलचक, दहा टिंबांची सूचना. खाली अंगठे, हात, नेहमीचा माल. आणि मग आबा.

“बरं.”

गुलाब नाही. मी फोनकडे पाहत राहिले. गुलाब कुठे असतो हे आबांना माहीत होतं, तीन महिने ते उधळत होते. टिंबाने काय होतं हेही त्यांना माहीत होतं, कारण ते सगळं शास्त्र मीच त्यांना ओट्यावर बसून शिकवलं होतं. सवयीच्या टिंबाला अर्थ नसतो, अर्थ बदलाला असतो. विद्यार्थी हुशार निघाला होता.

मी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, तशीच चपला घालून निघाले.

आबा ओट्यावर होते. स्वच्छ सदरा, डोक्यावर आमचीच टोपी. आतून चहाला आलं ठेचल्याचा वास येत होता. ओट्यावर प्लास्टिकच्या पाच खुर्च्या मांडलेल्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून, पुसून. मी पायरी चढले तसे ते म्हणाले, “ये बेटा, बस.” मग फाटकाबाहेर माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. बाकीच्यांनी बहुतेक ‘बरं.’ वाचून फोन ठेवून दिला होता. होळीच्या लाकडांत कोणाला टिंब दिसणार.

मी एका खुर्चीत बसले. चार रिकाम्या होत्या. आबा त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मी विचारलं, “आबा, रागावलात?”

ते नजर चुकवून थोडंसं हसले, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं.

मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, “आबा फार रागावलेत. मी त्यांच्याकडे आहे.” आणि मग वेगळ्या निरोपात नुसतं, “या.”

टिंब दिलं. जरा घट्टच दिलं.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, पलीकडे सोनवणे भाऊंचं गेट वाजलं. मग सौ. सोनवणेंचा आवाज आला, त्या काहीतरी वाटीत झाकून आणत होत्या. आमच्या घराकडून माझा नवरा येताना दिसला, आणि त्याने घाबरून शिडी पुन्हा उचलून आणली होती, नेमकी कोणाची ते देव जाणे. त्याच्या मागे ऋचा हसत येत होती.

आबांनी एकेक जण मोजला. मग आत वळून गॅसवरच्या चहात आणखी पाणी घालायला उठले, आणि जाता जाता माझ्या खुर्चीच्या हातावर बोट टेकवून गेले.